प्रकल्पाच्या रोख प्रवाहातील निव्वळ खेळते भांडवल : गुंतवणूक आणि प्रकल्पाअखेरची वसुली

प्रास्ताविक

वाणिज्य व व्यवस्थापन शाखेतील विद्यार्थ्यांचे प्रकल्प अहवाल तपासताना एक गोष्ट वारंवार आढळते. यंत्रसामग्रीची किंमत, घसारा, कर, भंगारमूल्य या बाबी विद्यार्थी काळजीपूर्वक मांडतात. परंतु खेळत्या भांडवलापाशी आले की त्यांची लेखणी अडखळते. काही जण ते पूर्णपणे वगळतात. काही जण ते सुरुवातीला वजा करतात आणि शेवटी परत मिळवायला विसरतात. उरलेल्यांपैकी बरेच जण शेवटच्या वर्षात संपूर्ण रक्कम निःशंकपणे जमा धरतात, कारण क्रमिक पुस्तकातील उदाहरणात तसे केलेले असते. या तिन्ही पद्धतींनी येणारी उत्तरे थोडीथोडकी नव्हे, तर प्रकल्प स्वीकारावा की नाकारावा हा निर्णयच बदलण्याइतकी वेगळी असतात. प्रस्तुत लेखात एका लहान काजू प्रक्रिया उद्योगाचे उदाहरण घेऊन या प्रश्नाचा विचार केला आहे. उदाहरणातील आकडे समजुतीसाठी कल्पिलेले आहेत; त्यांमागील व्यवसायाचे स्वरूप मात्र सिंधुदुर्गात किंवा चंदगड-आजरा भागात पाहावयास मिळते तेच आहे.

काजू उद्योगाची निवड हेतुपुरस्सर केली आहे. काजू बी वर्षातून एकदाच, साधारणपणे मार्च ते मे या काळात बाजारात येते. कारखाना मात्र वर्षभर चालवावयाचा असतो. त्यामुळे कारखानदाराला तीन महिन्यांत बारा महिन्यांचे बी विकत घ्यावे लागते, उन्हात वाळवून पोत्यांत भरून ठेवावे लागते, आणि मग वर्षभर ते वाफवणे, फोडणे, सुकवणे, साल काढणे व प्रतवारी करणे या क्रिया चालू राहतात. अशा उद्योगात इमारत व यंत्रे यांच्यापेक्षा गोदामातील पोत्यांतच अधिक पैसा अडकलेला असतो. म्हणूनच खेळत्या भांडवलाबाबतची चूक येथे झाकली जात नाही.

गुंतवणूक किती, याचा हिशेब

आपल्या उदाहरणातील कारखान्याची पूर्ण क्षमतेची वार्षिक विक्री २४० लाख रुपये आणि त्यासाठी लागणाऱ्या बियांची किंमत १६८ लाख रुपये आहे असे मानू. म्हणजे दरमहा १४ लाख रुपयांचे बी वापरले जाते. मार्चच्या आरंभी गोदाम रिकामे असते. मेअखेरपर्यंत बारा महिन्यांचे बी खरेदी होते, त्यांपैकी तीन महिन्यांचे वापरूनही होते. म्हणून मेअखेरीस नऊ महिन्यांचा, म्हणजे १२६ लाख रुपयांचा साठा शिल्लक असतो. तो पुढे हळूहळू घटत फेब्रुवारीअखेर शून्यावर येतो. चढत्या व उतरत्या अशा या रेषेची वार्षिक सरासरी साडेचार महिन्यांची, म्हणजे ६३ लाख रुपयांची येते.

येथे एक इशारा देणे आवश्यक वाटते. अस्तित्वात असलेल्या एखाद्या कारखान्याच्या ताळेबंदावरून नव्या प्रकल्पाच्या साठ्याचा अंदाज बांधण्याची पद्धत सर्वत्र आहे. परंतु ताळेबंद ३१ मार्चचा असतो, आणि त्या दिवशी खरेदीचा एकच महिना झालेला असतो. चार महिन्यांचे बी घेतलेले, एक महिन्याचे वापरलेले, म्हणून साठा तीन महिन्यांचा, अर्थात ४२ लाखांचा दिसतो. तोच फेब्रुवारीअखेर पाहिला तर शून्य, आणि मेअखेर पाहिला तर १२६ लाख. हंगामी उद्योगात ताळेबंदाचा दिवस हा केवळ एक दिवस असतो, हे विद्यार्थ्यांना मुद्दाम सांगावे लागते. वार्षिक रोख प्रवाहाच्या तक्त्यात वर्षाला एकच क्षण उपलब्ध असल्याने आपण येथे सरासरी घेत आहोत. ती सोय आहे, वस्तुस्थिती नव्हे. मेअखेरच्या उच्चांकाची तरतूद बँकेकडून कशी करावयाची हा प्रश्न मासिक रोख अंदाजपत्रकाचा आहे. तो वेगळा सोडवावा लागतो.

साठ्याखेरीज प्रक्रियेतील माल व तयार काजूगर यांत सुमारे ८ लाख, व्यापाऱ्यांना दिलेल्या एक महिन्याच्या उधारीपोटी २० लाख आणि हाताशी लागणारी रोकड २ लाख असे धरू. धनकोंकडून मिळणारी उधारी मात्र नगण्य आहे, कारण बागायतदार बियांचे पैसे रोखीने घेतो. डबे, जळण आणि देय मजुरी मिळून ३ लाख होतील. यावरून पूर्ण क्षमतेला निव्वळ खेळते भांडवल ६३, ८, २० व २ यांच्या बेरजेतून ३ वजा जाता ९० लाख रुपये येते. याच कारखान्याची स्थिर भांडवली गुंतवणूक आपण ६० लाख रुपये मानणार आहोत.

पहिल्या वर्षी कारखाना ६० टक्के, दुसऱ्या वर्षी ८० टक्के आणि तिसऱ्या वर्षापासून पूर्ण क्षमतेने चालेल, आणि प्रकल्पाचे आयुष्य सहा वर्षांचे असेल असे गृहीत धरू. हंगामातील खरेदी वर्षाच्या आरंभीच होत असल्याने प्रत्येक वर्षाची गरज त्याच्या आधीच्या वर्षाच्या अखेरीस दाखवणे योग्य ठरते. पहिल्या वर्षाची गरज ही प्रकल्पाच्या आरंभाची, म्हणजे शून्य वर्षाची गुंतवणूक होते.

| वर्षअखेर | आवश्यक पातळी (लाख रु.) | रोख प्रवाह (लाख रु.) |
|---|---|---|
| ० | ५४ | −५४ |
| १ | ७२ | −१८ |
| २ | ९० | −१८ |
| ३ | ९० | ० |
| ४ | ९० | ० |
| ५ | ९० | ० |
| ६ | ० | +९० |

रोख प्रवाहात जाते ती पातळी नव्हे, पातळीतील बदल. हे वाक्य फळ्यावर लिहून दिले तरी परीक्षेत दरवर्षीची पातळीच वजा केलेली आढळते. तसे केल्यास शून्य ते पाच या काळात एकूण ४८६ लाख रुपये बाहेर गेल्याचे दिसते आणि परत येतात फक्त ९०. चूक ओळखण्याची खूण सोपी आहे : वसुली पूर्ण धरलेली असेल, तर खेळत्या भांडवलाच्या ओळीची बेरीज शून्य आली पाहिजे. ती शून्य येत नसेल तर कोठेतरी पातळी व बदल यांची गल्लत झाली आहे.

हा बदल वजा का करावयाचा, याचे उत्तर नफ्याच्या व्याख्येत आहे. पहिल्या वर्षाची विक्री १४४ लाखांची झाली, तरी त्यातील शेवटच्या महिन्याचे १२ लाख वर्षाअखेर व्यापाऱ्यांकडेच असतात. हातात आलेले असतात १३२ लाख. नफातोटा पत्रक १४४ लाख मोजते. नफ्यावरून रोख प्रवाह काढताना घसारा परत मिळवतो, कारण तो खर्च असूनही रोख गेलेली नसते. त्याच न्यायाने ऋणकोंतील वाढ वजा करतो, कारण ते उत्पन्न असूनही रोख आलेली नसते. साठ्याबाबत रोख आधी जाते व खर्च नंतर नोंदला जातो. फरक इतकाच की यंत्रावर घसारा मिळतो व त्यामुळे करात सवलत मिळते. खेळत्या भांडवलावर घसारा नाही, म्हणून ते गुंतवताना करात काही वाचत नाही आणि पुस्तकी किमतीने परत येताना करही लागत नाही.

परत येणाऱ्या पैशाची किंमत

आता संपूर्ण प्रकल्पाचे मूल्यमापन करू. प्रचालनातून मिळणारा करोत्तर रोख प्रवाह पहिल्या वर्षी १५ लाख, दुसऱ्या वर्षी २२ लाख आणि तिसऱ्या ते सहाव्या वर्षी प्रत्येकी ३० लाख आहे. यंत्रे व इमारतीचे सहा वर्षांनंतरचे निव्वळ विक्रीमूल्य १० लाख आणि वटावाचा दर १२ टक्के आहे. प्रचालन प्रवाहाचे वर्तमान मूल्य १०३.५७ लाख रुपये येते. स्थिर गुंतवणुकीतून विक्रीमूल्याचे वर्तमान मूल्य वजा केल्यास ५४.९३ लाख उरतात. खेळते भांडवल विचारात घेतलेच नाही तर निव्वळ वर्तमान मूल्य ४८.६४ लाख रुपये दिसते, आणि प्रकल्प अत्यंत आकर्षक वाटतो.

खेळत्या भांडवलाच्या तिन्ही टप्प्यांतील गुंतवणुकीचे वर्तमान मूल्य ८४.४२ लाख रुपये होते. ती परत येतच नाही असे मानले तर निव्वळ वर्तमान मूल्य उणे ३५.७८ लाखांवर जाते. ती पूर्ण परत येते असे मानले तर सहा वर्षांनंतरच्या ९० लाखांचे आजचे मूल्य ४५.५९ लाख असल्याने निव्वळ वर्तमान मूल्य अधिक ९.८१ लाख होते. आकडे एकाच कारखान्याचे, निष्कर्ष तीन.

बेरीज शून्य येणाऱ्या या ओळीने प्रकल्पाचे ३८.८३ लाख रुपये कसे घेतले, असा प्रश्न वर्गात हमखास येतो. नव्वद लाख गेले, नव्वद लाख आले, मग तोटा कसला? तोटा काळाचा आहे, आणि तो दुसऱ्या वाटेनेही मोजून दाखवता येतो. पहिल्या वर्षी ५४ लाख अडकले. त्यावर १२ टक्के दराने ६.४८ लाख भार पडतो. दुसऱ्या वर्षी ७२ लाखांवर ८.६४ लाख आणि पुढील चार वर्षांत ९० लाखांवर दरवर्षी १०.८० लाख. या सहा भारांचे वर्तमान मूल्य काढून बेरीज केली तर दशांशाचा किरकोळ फरक वगळता तेच ३८.८३ लाख येतात. म्हणजे गुंतवणूक व वसुली यांची मांडणी करणे आणि अडकलेल्या पैशावर दरवर्षी भांडवलाचा खर्च आकारणे या एकाच गोष्टीच्या दोन भाषा आहेत.

यातून एक व्यावहारिक दक्षता निघते. अनेक अहवालांत खेळत्या भांडवलाची गुंतवणूक रोख प्रवाहात दाखवून त्याशिवाय बँकेच्या रोख-पत सवलतीवरील व्याजही खर्चात धरलेले असते. एकच भार अशा वेळी दोनदा वजा होतो. वटावाच्या दरात भांडवलाचा खर्च आलेला आहे. व्याज पुन्हा धरावयाचे नसते.

‘मार्जिन मनी’ आणि दृष्टिकोनांची सरमिसळ

आपल्याकडील अहवालांत ही चूक होण्याचे एक ऐतिहासिक कारण आहे. वित्तसंस्थांना सादर करावयाच्या प्रकल्प खर्चाच्या विवरणात जमीन, इमारत, यंत्रे यांच्याबरोबर संपूर्ण खेळते भांडवल दाखवण्याची प्रथा नाही; दाखवले जाते ते त्यावरील मार्जिन, म्हणजे बँकेच्या कर्जाव्यतिरिक्त दीर्घ मुदतीच्या साधनांतून उभारावयाचा हिस्सा. टंडन समितीने १९७५ मध्ये बँक कर्जाच्या कमाल मर्यादेच्या ज्या पद्धती सुचवल्या, त्यांतून हा हिस्सा ठरवण्याची शिस्त आली. पुढे लघुउद्योगांसाठी नायक समितीने १९९२ च्या अहवालात सोपा मार्ग दिला : अपेक्षित उलाढालीच्या २५ टक्के ही खेळत्या भांडवलाची गरज मानावी, त्यातील २० टक्के बँकेने द्यावेत आणि ५ टक्के उद्योजकाने घालावेत.

कर्ज किती द्यावे हे ठरवण्यासाठी हे निकष होते. प्रकल्प किफायतशीर आहे काय, हा प्रश्न त्यांच्यापुढे नव्हता. उलाढालीच्या पंचवीस टक्के म्हणजे तीन महिन्यांचे चक्र. आपल्या कारखान्यात ते प्रमाण साडेसदतीस टक्के आहे, कारण निसर्गाने हंगाम तीन महिन्यांचाच दिला आहे. निकषानुसार पहिल्या वर्षाच्या १४४ लाख विक्रीवर मार्जिन येते ७.२० लाख. अहवालात प्रकल्प खर्च ६७.२० लाख दिसतो. प्रत्यक्षात कारखाना सुरू होताना ११४ लाख अडकतात.

मार्जिन दाखवण्यात स्वतः चूक काही नाही. चूक होते ती दोन दृष्टिकोन मिसळल्याने. संपूर्ण प्रकल्पाच्या दृष्टीने पाहावयाचे असेल तर पैसा कोणाचा हे न पाहता सर्व ९० लाख गुंतवणूक धरावी, सर्व ९० लाख वसुली धरावी, आणि वटावासाठी भांडवलाचा भारित सरासरी खर्च घ्यावा. मालकाच्या दृष्टीने पाहावयाचे असेल तर त्याने घातलेला हिस्साच बाहेर जातो. मग व्याज खर्चात धरावे, दर मालकी भांडवलाचा घ्यावा, आणि शेवटी बँकेचे कर्ज फेडून जे उरेल तेवढेच जमा धरावे. मी तपासलेल्या एका अहवालात सुरुवातीला मार्जिनचे सात-आठ लाख बाहेर गेले होते आणि शेवटच्या वर्षी संपूर्ण चालू मालमत्ता मालकाच्या पदरात पडली होती. बँक मधल्या मध्ये नाहीशी झाली होती! अहवालाचा अंतर्गत परतावा दर अर्थातच डोळे दिपवणारा होता.

वसुली प्रत्यक्षात कशी होते

‘वसुली’ हा शब्द थोडा फसवा आहे. शेवटच्या दिवशी गोदामाचे दार उघडून सर्व पोती विकून टाकली जातात असे चित्र त्यातून उभे राहते. तसे घडत नाही. शेवटच्या वर्षी कारखानदार वर्षभर पुरेल इतकेच बी घेतो आणि फेब्रुवारीत गोदाम आपोआप रिकामे होते. दर वर्षी मार्चमध्ये बाहेर पडणारा पैसा या वेळी बाहेर पडत नाही. साठ्यातील वसुली म्हणजे मुख्यतः पुढची खरेदी न करणे होय. म्हणून पूर्वनियोजित समाप्तीत हा भाग जवळजवळ पूर्ण सुटतो, आणि ६३ लाख धरणे गैर ठरत नाही.

इतर घटकांचे तसे नाही. प्रतवारी करून उरलेला तुकडा काजू, डागी गर, छापील नावाचे रिकामे डबे यांना कारखाना चालू असतानाची किंमत येत नाही. ८ लाखांचे ६ लाख झाले तर ते वास्तव म्हणावे. ऋणकोंचा प्रश्न अधिक नाजूक आहे. व्यापारी मागील बिल वेळेवर देतो त्याचे एक कारण म्हणजे त्याला पुढचा माल हवा असतो. पुढचा माल येणार नाही हे कळले की वजनातील घट, प्रतीबद्दलची तक्रार अशा सबबी निघू लागतात. २० लाखांपैकी १५ लाख हाती आले असे धरू. रोकड २ लाख तशीच राहते. धनको मात्र आपले ३ लाख पूर्ण मागतात. कारखाना बंद होतो म्हणून देणे कमी होत नाही. एकूण वसुली ८३ लाखांची झाली. निव्वळ वर्तमान मूल्य ९.८१ वरून ६.२७ लाखांवर येते. बुडालेल्या रकमेवर काही कर-सवलत मिळू शकते, परंतु ती उपयोगात आणण्याजोगे उत्पन्न असेल तरच. बंद पडणाऱ्या एकट्या कारखान्याजवळ ते नसण्याचा संभव अधिक.

किती कमी वसुली चालेल, हे उलट दिशेनेही काढता येते. वसुलीविना निव्वळ वर्तमान मूल्य उणे ३५.७८ लाख आहे. ते शून्यावर आणण्यासाठी सहाव्या वर्षअखेर सुमारे ७०.६ लाख रुपये, म्हणजे गुंतवणुकीच्या साडेअठ्ठ्याहत्तर टक्के परत यावे लागतात. अहवालात हा एक आकडा दिला तरी वाचणाऱ्याला निर्णय कोणत्या गृहीतकावर उभा आहे ते कळते.

आता दुसरा प्रसंग पाहू. समजा, समाप्ती नियोजित नाही. काजूगराचे भाव कोसळल्याने कारखाना हंगामानंतर मध्येच बंद करावा लागला. अशा वेळी बी विकत घेणारे इतर कारखानदारही त्याच संकटात असतात. सोयीसाठी सरासरी साठाच धरून त्याची ७० टक्के किंमत आली असे मानले, तरी ६३ लाखांचे ४४.१० लाख होतात, एकूण वसुली ६४.१० लाखांवर येते, आणि समाप्ती सहाव्या वर्षीच झाली तरी निव्वळ वर्तमान मूल्य उणे ३.३१ लाख होते. मेअखेरीस, १२६ लाखांचे बी गोदामात असताना हे घडले तर परिस्थिती याहून बिकट. वसुलीची शक्यता आणि बंद पडण्याचे कारण या दोन गोष्टी एकमेकींपासून स्वतंत्र नाहीत, हे क्रमिक पुस्तकांतील उदाहरणांत सहसा दिसत नाही. ज्या परिस्थितीत वसुलीची सर्वाधिक गरज असते तिच्यातच ती सर्वांत कमी होते.

कामगारांचे उपदान व भरपाई, जागा मोकळी करण्याचा खर्च या समाप्तीच्या बाबी खेळत्या भांडवलात मिसळू नयेत. त्या शेवटच्या वर्षात स्वतंत्र ओळीत दाखवाव्यात. तसेच, सहा वर्षांनंतरही कारखाना चालूच राहणार असे मानून त्याचे चालू धंद्याचे अंतिम मूल्य काढले असेल, तर खेळत्या भांडवलाची वसुली वेगळी धरता येत नाही. पुढील उत्पन्न देणारा धंदा त्याच भांडवलावर चालणार आहे.

भाववाढीचा परिणाम

आतापर्यंत बियांचा भाव स्थिर मानला. तो दरवर्षी पाच टक्के वाढत असेल तर तिसऱ्या वर्षानंतरही, एक पोते जास्त न घेता, खेळत्या भांडवलाची पातळी वाढत राहते. तक्त्यातील तीन शून्ये मग शून्ये राहत नाहीत. तिसऱ्या वर्षअखेर सुमारे साडेचार लाख आणखी घालावे लागतात, आणि पुढे त्याहून थोडे अधिक. शेवटी परत येणारी रक्कमही ९० लाखांहून मोठी दिसते. ही वाढीव वसुली पाहून काही जण प्रकल्प सुधारल्याचे मानतात. परंतु मधल्या वर्षांतील जादा गुंतवणूक न दाखवता शेवटची फुगलेली वसुली तेवढी दाखवली, तर तो लाभ केवळ कागदावरचा असतो. विक्री व खर्च चालू किमतींनी मांडले असतील तर खेळते भांडवलही चालू किमतींनी, आणि वटावाचा दरही भाववाढीसह घ्यावा लागतो. आपल्या उदाहरणात १२ टक्के दर व स्थिर किमती एकत्र घेतल्या आहेत, म्हणजे तो दर वास्तविक दर समजला पाहिजे. बँकेचा बाजारातील व्याजदर उचलून स्थिर किमतींच्या तक्त्याला लावल्यास सहाव्या वर्षातील वसुलीवर सर्वाधिक अन्याय होतो, कारण ती सर्वांत दूर असते.